महागाई-निगडित रोखा विकत घेण्याआधी: मुद्दल कसं वाढतं ते स्वतः मांडून बघा

महागाई-निगडित रोख्यांची यादी पहिल्यांदा बघणाऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो. शेजारचा साधा सरकारी रोखा साडेचार टक्के व्याज देत असताना दीड टक्का देणारा हा रोखा कोण घेईल? उत्तर असं की हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. साध्या रोख्याच्या साडेचार टक्क्यांत महागाईचा अंदाज आधीच धरलेला असतो. हा दीड टक्का महागाईच्या वरचा असतो, आणि तो ज्या मुद्दलावर मोजला जातो ते मुद्दलच किमतींबरोबर हलत राहतं.

हे हलणं समजलं की बाकीचा रोखा समजायला अवघड नाही. म्हणून एकच काल्पनिक रोखा घेऊन त्याचा हिशेब करू. चलन कोणतंही धरा. दर्शनी मूल्य १,००,०००, मुदत १० वर्षं, व्याज वर्षाला १.५ टक्के, दर सहा महिन्यांनी निम्मं म्हणजे ०.७५ टक्के. रोखा १ जानेवारीला निघाला. अमेरिकेत १९९७ पासून निघणारे टिप्स नावाचे रोखे आणि त्याआधी १९९१ मध्ये कॅनडाने काढलेले रोखे याच पद्धतीचे आहेत, त्यामुळे इथली रीत बऱ्याच ठिकाणी लागू पडते.

पहिली पायरी: रोखा कोणत्या निर्देशांकाला बांधला आहे ते बघा

व्याजदर बघण्याआधी हे बघा. 'महागाईपासून संरक्षण' असं वरवर म्हटलं जातं, पण संरक्षण असतं ते एका ठरावीक निर्देशांकाच्या वाढीपासून. तुमचा खर्च त्या निर्देशांकासारखा वाढत नसेल, तर तेवढं अंतर तुमच्या पदरात पडतं.

याची कल्पना नवी नाही. १७८० मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, मॅसॅच्युसेट्सने आपल्या सैनिकांना पगारापोटी जे रोखे दिले ते मका, गोमांस, लोकर आणि चामडं या चार वस्तूंच्या किमतीला बांधलेले होते. कागदी चलनाची किंमत इतकी घसरत होती की नुसत्या आकड्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. निर्देशांक चार वस्तूंचा असला तरी विचार तोच होता.

आता निर्देशांक चुकीचा निवडला तर काय होतं ते बघा. भारतात जून २०१३ मध्ये १.४४ टक्के व्याजाचे महागाई-निगडित सरकारी रोखे निघाले, तेव्हा ते घाऊक किंमत निर्देशांकाला जोडले होते. पुढे २०१५ मध्ये जगभर तेल आणि धातू स्वस्त झाले. घाऊक निर्देशांक वर्षभर आदल्या वर्षाच्या पातळीखाली राहिला, पण ग्राहकांच्या किमती मात्र वाढतच होत्या. ज्याचा घरखर्च वाढत होता त्याच्या रोख्याचं समायोजित मुद्दल त्याच काळात कमी होत होतं. रोख्याने दिलेला शब्द पाळला होता, पण तो शब्द घरखर्चाबद्दल नव्हता.

निर्देशांक कोण काढतं हेही महत्त्वाचं. अर्जेंटिनात २००७ पासून सरकारी सांख्यिकी संस्थेच्या महागाईच्या आकड्यांवरचा विश्वास उडाला. तिथल्या निर्देशांक-निगडित रोख्यांचं मुद्दल त्याच आकड्यांवर ठरत होतं, त्यामुळे आकडा दाबला गेला की धारकाचे पैसेही दाबले जात. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने या आकडेवारीवरून अर्जेंटिनाला अधिकृत ठपका दिला.

रोख्याच्या माहितीपत्रकात दोन ओळी शोधाव्यात: निर्देशांकाचं पूर्ण नाव, आणि तो निर्देशांक बदलला किंवा बंद झाला तर काय करणार याचं कलम. ब्रिटनचे असे रोखे १९८१ पासून किरकोळ किंमत निर्देशांकाला बांधलेले आहेत, पण फेब्रुवारी २०३० पासून त्या निर्देशांकाची मोजण्याची पद्धतच बदलणार आहे. नव्या पद्धतीने आकडा साधारणपणे कमी येतो. म्हणजे आज घेतलेल्या लांब मुदतीच्या रोख्यालाही हा बदल लागू होणार.

दुसरी पायरी: आजचं मुद्दल स्वतः काढा

सूत्र एवढंच आहे:

समायोजित मुद्दल = दर्शनी मूल्य × (आजचा संदर्भ निर्देशांक ÷ रोखा निघाला त्या दिवशीचा संदर्भ निर्देशांक)

कंसातल्या भागाकाराला निर्देशांक गुणोत्तर म्हणतात. आपल्या रोख्याचा सुरुवातीचा संदर्भ निर्देशांक २४० होता असं धरू. सहा महिन्यांनी, १ जुलैला, तो २४६ झाला. २४६ भागिले २४० म्हणजे १.०२५. मुद्दल झालं १,०२,५००. व्याज या नव्या मुद्दलावर ०.७५ टक्के, म्हणजे ७६८.७५. आणखी सहा महिन्यांनी निर्देशांक २५२ वर गेला, गुणोत्तर १.०५, मुद्दल १,०५,०००, व्याज ७८७.५०. व्याजाचा दर कुठेच बदलला नाही. बदललं ते मुद्दल, आणि त्यामुळे हातात येणारी रक्कम.

पुढच्या सहा महिन्यांत किमती जरा उतरल्या आणि निर्देशांक २४९.६ वर आला असं समजू. गुणोत्तर १.०४, मुद्दल १,०४,००० आणि व्याज ७८०. नवख्याला इथे धक्का बसतो. एकदा वाढलेलं मुद्दल पक्कं झालं असं त्याने गृहीत धरलेलं असतं. तसं नसतं. वाढ खात्यात जमा होऊन बसत नाही, दर वेळी सगळा हिशेब मूळ २४० पासून नव्याने होतो.

दहा वर्षांनी निर्देशांक ३३६ झाला तर गुणोत्तर १.४० आणि परत मिळणारं मुद्दल १,४०,०००. सुरुवातीला १,००,००० मध्ये जेवढ्या वस्तू येत होत्या, तेवढ्याच आता १,४०,००० मध्ये येतात. साध्या रोख्याचे १,००,००० परत आले असते तर त्यांत सुरुवातीच्या हिशेबाने साधारण ७१,४०० च्या वस्तू आल्या असत्या. क्रयशक्ती राखली म्हणतात ती एवढीच, ना जास्त ना कमी. वरची कमाई आहे ती दीड टक्क्याची.

सगळे निगडित रोखे असेच चालतात असं मात्र धरू नका. काहींत मुद्दल स्थिर राहून फक्त व्याज महागाईनुसार बदलतं, तर काहींत मुद्दल जोडलेलं आणि व्याज मात्र मूळ रकमेवर असतं. माहितीपत्रकात 'समायोजित मुद्दलावर व्याज' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा.

तिसरी पायरी: तीन महिन्यांची मागासगती समजून घ्या

वर 'संदर्भ निर्देशांक' असा शब्द मुद्दाम वापरला, कारण तो आजचा निर्देशांक नसतो. मार्चच्या किमतींचा आकडा एप्रिलच्या मध्यावर जाहीर होतो. व्यवहार मात्र रोज होतात आणि प्रत्येक दिवसाचं मुद्दल आधी माहीत असावं लागतं. म्हणून कॅनडाच्या पद्धतीत आकडा तीन महिने मागचा घेतात: १ जूनचा संदर्भ निर्देशांक म्हणजे मार्चचा जाहीर आकडा, १ जुलैचा म्हणजे एप्रिलचा. मधल्या दिवसांसाठी या दोन्हींमधलं अंतर दिवसांवर सारखं वाटून देतात.

आपल्या रोख्यासाठी ११ जूनचं मुद्दल काढू. मार्चचा आकडा २४५.१, एप्रिलचा २४६.०. फरक ०.९. जूनचे ३० दिवस आणि ११ तारखेपर्यंत उलटलेले १०, म्हणून ०.९ चा एक तृतीयांश म्हणजे ०.३. संदर्भ निर्देशांक २४५.४. त्याला २४० ने भागलं की १.०२२५, आणि मुद्दल १,०२,२५०. एप्रिलचा आकडा मेच्या मध्यावर आला की जूनच्या प्रत्येक दिवसाचं मुद्दल त्याच वेळी ठरून जातं. अमेरिकेचं अर्थखातं टिप्ससाठी ही रोजची गुणोत्तरं स्वतःच जाहीर करतं. तरी एकदा हाताने काढून त्या आकड्याशी ताडून पाहा. जुळलं, की आपल्याला पद्धत कळली याची खात्री होते.

या मागासगतीची किंमत असते. रोखा विकत घेतल्यानंतर लगेच महागाई उसळली तर पहिले काही महिने तुमचं मुद्दल जुन्या, शांत महिन्यांच्या आकड्यांवर वाढत राहील. आणि मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या तीन महिन्यांत किमती भडकल्या तर त्याची भरपाई मिळणारच नाही, त्याऐवजी रोखा निघण्याआधीच्या तीन महिन्यांची वाढ मिळालेली असते. दहा वर्षांच्या रोख्यात हा फरक सहसा किरकोळ असतो. एक-दोन वर्षं उरलेल्या रोख्यात तो जाणवतो. ब्रिटनच्या जुन्या रोख्यांत तर ही मागासगती आठ महिन्यांची आहे. २००५ पासूनच्या नव्या रोख्यांत ती तीन महिन्यांवर आणली गेली.

चौथी पायरी: भाव ९६ दिसतो, पण द्यायचे किती?

बाजारात या रोख्याचा भाव महागाई वगळून सांगतात. समजा ११ जूनला आपल्या रोख्याचा भाव दर शंभरी ९६ आहे. १,००,००० दर्शनी मूल्य घ्यायला ९६,००० लागतील असं वाटतं. पण ९६ हा भाव समायोजित मुद्दलाला लागतो: १,०२,२५० चे ९६ टक्के म्हणजे ९८,१६०. त्यात मागच्या हप्त्यापासून साचलेलं व्याज. १ जानेवारी ते ११ जून १६१ दिवस, पूर्ण सहामाही १८१ दिवसांची. सहामाहीचं व्याज आजच्या मुद्दलावर ७६६.८८, त्यातला १६१/१८१ हिस्सा म्हणजे ६८२ च्या आसपास. एकूण द्यायचे जवळपास ९८,८४२.

दलालाच्या पावतीवर हे तीन भाग वेगळे दिसायला हवेत: भाव, गुणोत्तर, साचलेलं व्याज. तिन्ही मिळून आकडा जुळत नसेल तर पैसे देण्याआधी विचारा. बहुतेक वेळा घोळ गुणोत्तराच्या तारखेचा असतो. व्यवहार ठरला त्या दिवसाचं गुणोत्तर चालत नाही, पैसे आणि रोखे प्रत्यक्ष हस्तांतरित होतात त्या दिवसाचं घ्यावं लागतं.

पाचवी पायरी: खरा परतावा कितीला मिळतोय ते बघा

या रोख्यात दोन आकडे मनात ठेवायचे. पहिला खरा परतावा, म्हणजे आजच्या भावाने घेऊन मुदतीपर्यंत ठेवला तर महागाईच्या वर दरसाल किती मिळेल. दुसरा समतोल महागाई, म्हणजे त्याच मुदतीच्या साध्या रोख्याचा परतावा वजा हा खरा परतावा. साधा साडेचार, निगडित दीड, तर समतोल साधारण तीन टक्के. पुढच्या दहा वर्षांत महागाई सरासरी तीनपेक्षा जास्त झाली तर निगडित रोखा सरस, कमी झाली तर साधा. आपल्या उदाहरणात निर्देशांक दहा वर्षांत २४० वरून ३३६ वर गेला, म्हणजे दरसाल सुमारे ३.४ टक्के, म्हणून निगडित रोखा थोड्या फरकाने जिंकला. 'महागाई वाढणार' एवढं माहीत असणं पुरेसं नाही. बाजाराने तीन टक्के आधीच धरलेले आहेत, त्याहून जास्त वाढेल का हा प्रश्न आहे.

खरा परतावा शून्याखालीही जातो. २०२१ मध्ये अमेरिकेच्या दहा वर्षांच्या टिप्सवर तो उणे एक टक्क्याच्या आसपास होता. त्या भावाने घेऊन मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याचं मुद्दल महागाईबरोबर नीट वाढेल, तरीही त्याने लावलेल्या पैशाची क्रयशक्ती दरवर्षी जवळपास एक टक्का कमी होईल, कारण त्याने दर्शनी मूल्याच्या वर भाव दिलेला आहे. माझ्या मते नवख्याने भाव आणि व्याजदर बाजूला ठेवून आधी हाच एक आकडा बघावा.

सहावी पायरी: मधल्या काळात भाव पडू शकतो हे आकड्यांत बघा

महागाई वाढली आणि तरीही महागाई-निगडित रोख्यात तोटा झाला, हे २०२२ मध्ये अनेकांनी अनुभवलं. त्या वर्षी अमेरिकेत ग्राहक किमती डिसेंबर ते डिसेंबर ६.५ टक्के वाढल्या, आणि सर्व मुदतींच्या टिप्सचा एकत्रित परतावा सुमारे उणे १२ टक्के आला. पुष्कळांना ही फसवणूक वाटली. ती फसवणूक नव्हती. मुद्दल वाढत होतं, पण केंद्रीय बँकेने व्याजदर झपाट्याने वाढवल्याने खरा परतावा वर गेला आणि जुन्या, कमी परताव्याच्या रोख्यांचा भाव पडला.

आपल्या रोख्यावर हेच करून बघू. पहिल्या वर्षी महागाई ५ टक्के झाली, मुद्दल १,०५,०००. त्याच वर्षात बाजारातला खरा परतावा दीडवरून अडीच टक्क्यांवर गेला. आता नऊ वर्षं उरली आहेत. अडीच टक्के देणारे नवे रोखे मिळत असताना दीडचा रोखा कोणी पूर्ण भावाने घेणार नाही, त्याचा भाव ९२ च्या आसपास येईल. १,०५,००० चे ९२ टक्के म्हणजे ९६,६००. वर्षभरात मिळालेली दोन व्याजं १,५५६. एकूण ९८,१५६. पाच टक्के महागाईच्या वर्षात, महागाईपासून वाचवणाऱ्या रोख्यात, विकायला गेल्यास मूळ रकमेहूनही कमी.

न विकता ठेवला तर हा तोटा मुदतीपर्यंत हळूहळू भरून निघतो. संरक्षणाची हमी मुदतपूर्तीच्या दिवसाची असते, मधल्या कुठल्याही दिवसाची नसते. म्हणून मुदत निवडताना पैसे कधी लागणार हे आधी ठरवा. सात वर्षांनी लागणार असतील तर सात वर्षांच्या आसपास संपणारा रोखा घ्या. तीस वर्षांच्या रोख्यात खऱ्या परताव्यातला एक टक्का बदल भाव पंधरा-वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त हलवू शकतो.

रोख्यांऐवजी म्युच्युअल फंड घेतला तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. नेहमीचा फंड मुदत संपत आलेले रोखे काढून नवे घेत राहतो, त्याला स्वतःची मुदतपूर्तीच नसते, त्यामुळे 'थांबलो तर भरून निघेल' ही तारीख ठरलेली नसते. फंड घ्यायचाच तर त्यातल्या रोख्यांची सरासरी उरलेली मुदत तुमच्या गरजेच्या जवळ आहे का ते बघा.

सातवी पायरी: किमती घसरल्या तर, आणि कर

टिप्समध्ये एक तळ ठेवलेला आहे: मुदतीअंती समायोजित मुद्दल दर्शनी मूल्याहून कमी झालं तरी दर्शनी मूल्य पूर्ण मिळतं. ब्रिटन आणि कॅनडाच्या रोख्यांत असा तळ नाही. जिथे आहे तिथेही तो फक्त शेवटच्या मुद्दलाला लागतो, मधल्या व्याजाला लागत नाही. आणि तो मूळ १,००,००० वर असतो, तुम्ही घेतलेल्या किमतीवर नव्हे. गुणोत्तर १.४० झालेला जुना रोखा बाजारातून घेतला, तर किमती जवळपास २९ टक्के घसरल्याखेरीज तळ कामाला येणार नाही. ज्याला घसरणीची भीती आहे त्याने गुणोत्तर १ च्या जवळ असलेला नवा रोखा निवडावा.

कराचा हिशेब त्या त्या देशाच्या नियमांनुसार बदलतो, पण एक गोष्ट आधीच विचारून घ्या: मुद्दलातली वाढ कधी करपात्र होते? अमेरिकेत टिप्सच्या मुद्दलाची वाढ दरवर्षी उत्पन्न धरली जाते, पैसे मात्र मुदतीअंती मिळतात. म्हणजे न मिळालेल्या पैशावर खिशातून कर. शिवाय कर महागाईच्या भागावरही लागतो. महागाई ५ टक्के आणि खरा परतावा दीड धरला तर वर्षाचं उत्पन्न सुमारे साडेसहा टक्के. ३० टक्के कर गेला की उरतात साडेचारच्या आसपास, म्हणजे पाच टक्के महागाईहूनही कमी. महागाई जितकी जास्त, तितका हा खड्डा मोठा. म्हणूनच तिथे बरेच जण असे रोखे करमुक्त किंवा कर पुढे ढकलणाऱ्या निवृत्ती खात्यात ठेवतात. तुमच्याकडे तसं खातं नसेल तर रोख्याचा खरा परतावा कर वजा करून पुन्हा एकदा मांडा, आणि तो शून्याच्या वर राहत नसेल तर तेवढ्या मुदतीसाठी दुसरं काय मिळतंय तेही बघा.